एकाच फळ्याचे तीन फोटो

तास संपत येतो, सर डस्टर हातात घेतात आणि अर्ध्या वर्गाचे मोबाइल एकदम वर येतात. संध्याकाळी ग्रुपवर एकाच व्हाइटबोर्डचे तीन फोटो येऊन पडतात. एकात समीकरणाच्या मधोमध पांढरा पट्टा आहे आणि त्याखालचे काहीच दिसत नाही. दुसऱ्यात सगळे दिसते, पण मोठे करून पाहिले की अक्षरे विरघळतात. तिसरा स्वच्छ आहे, फक्त शेवटची ओळ सरांच्या पाठीमागे गेली आहे. अशा वेळी दोष मोबाइलला दिला जातो. खरे तर आजच्या बहुतेक फोनचे मुख्य कॅमेरे या कामापुरते सारखेच आहेत. या तीन फोटोंत वेगळा आहे तो बाक. कुठल्या बाकावरून काय हरवणार, हे फोटो काढण्याआधीच बऱ्याच अंशी सांगता येते, तेही शाळेतल्या भूमितीवर.

त्यासाठी एक वर्ग डोळ्यांसमोर धरू. खोली 9 मीटर रुंद. समोरच्या भिंतीवर 8 फूट बाय 4 फुटांचे दोन व्हाइटबोर्ड शेजारीशेजारी, म्हणजे जवळपास 4.8 मीटर लांब आणि 1.2 मीटर उंच पांढरा पृष्ठभाग. तो भिंतीच्या मध्यावर आहे, त्यामुळे दोन्ही बाजूंना 2.1 मीटर मोकळी भिंत उरते. डाव्या भिंतीत दोन मीटर रुंदीची मोठी खिडकी आहे. ती फळ्यापासून 3 मीटरवर सुरू होते आणि 5 मीटरवर संपते. वर्गात खिडक्या डाव्या हाताला ठेवण्याची पद्धत जुनी आहे. उजव्या हाताने लिहिणाऱ्याच्या वहीवर त्याच्याच हाताची सावली पडू नये, हा त्यामागचा विचार. वहीची सोय पाहणाऱ्या त्या विचारात फळ्याचा फोटो अर्थातच नव्हता.

या वर्गातले चार बाक घेऊ. फळ्यापासून 5 मीटरवरच्या रांगेतला अगदी मधला. त्याच रांगेतला खिडकीकडचा, डाव्या भिंतीपासून 1 मीटरवर. त्याच रांगेतला पलीकडचा, उजव्या भिंतीपासून 1 मीटरवर. आणि 10 मीटरवरच्या शेवटच्या रांगेतला मधला. फळ्यावर विषय आहे अवमंदित आंदोलनांचा, म्हणजे झोका हळूहळू थांबत जातो त्याचे गणित:

`ẍ + 2ζω₀ẋ + ω₀²x = 0`

हे समीकरण मी मुद्दाम निवडले आहे. यात एक्सच्या डोक्यावर दोन टिंबे असली की त्वरण, एक असले की वेग आणि एकही नसले की नुसते विस्थापन. एका टिंबाने पदार्थविज्ञान बदलते. मराठीतून लिहिणाऱ्या शिक्षकांच्या फळ्यावर अनुस्वार आणि रफार यांची स्थितीही हीच असते.

आधी वाचनीयता पाहू. फोनचा मुख्य कॅमेरा, झूम न करता, आडव्या फोटोत जितक्या अंतरावर असेल त्याच्या साधारण सव्वा ते दीड पट रुंदी टिपतो. हिशेबासाठी 1.33 पट धरू. 5 मीटरवरून म्हणजे 6.65 मीटर रुंदीचे दृश्य फोटोत येते. 12 मेगापिक्सेलच्या फोटोची लांबी साधारण 4000 पिक्सेल असते. (48 किंवा 50 मेगापिक्सेलची जाहिरात असलेले बरेच फोनही चार-चार बिंदू एकत्र करून शेवटी बाराचाच फोटो देतात.) भागाकार केला की फळ्यावरच्या दर मिलिमीटरला 0.6 पिक्सेल मिळतो. दहा मीटरवर तो निम्मा, म्हणजे 0.3.

फळ्यावरचे 4 सेंटिमीटर उंचीचे अक्षर मधल्या बाकावरून 24 पिक्सेल उंच येते आणि शेवटच्या रांगेतून 12. बारा पिक्सेलचे अक्षर माणूस वाचू शकतो, कारण तो शब्द ओळखतो आणि उरलेले मनाने भरून काढतो. गणितात मनाने भरण्याची सोय नाही. मार्करचे टिंब सुमारे 3 मिलिमीटरचे असते. मधल्या बाकावरून ते जवळजवळ दोन पिक्सेल व्यापते, शेवटच्या रांगेतून एकही धड नाही. दोन टिंबांच्या केंद्रांत 8 मिलिमीटर अंतर असेल, तर मधल्या बाकाला त्यांच्यामध्ये पाच पिक्सेल मिळतात आणि शेवटच्या रांगेला अडीचसुद्धा नाहीत. शिवाय कॅमेऱ्याच्या प्रत्येक बिंदूवर लाल, हिरवा किंवा निळा असा एकच रंग मोजला जातो आणि बाकीचे रंग शेजाऱ्यांवरून अंदाजाने भरले जातात. त्यामुळे पिक्सेल मोजून जितका तपशील वाटतो, तितका प्रत्यक्षात नसतो. मंद उजेडात फोन चित्रातले दाणे घालवण्यासाठी ते आणखी गुळगुळीत करतो. ती दोन टिंबे मिळून एक डाग होतो आणि वाचणारा त्वरणाला वेग समजून मोकळा होतो. चूक झाल्याचे त्याला कळतही नाही, कारण समोर एक व्यवस्थित दिसणारे चिन्ह असते.

तिरक्या बाकाचे नुकसान वेगळ्या प्रकारचे असते. पलीकडच्या बाकावरून फळ्याचे डावे टोक 7.7 मीटर दूर पडते आणि तिथे नजर जवळपास 50 अंशांच्या तिरकेपणाने पोचते. अंतरामुळे अक्षर लहान होते आणि तिरकेपणामुळे त्याची रुंदी आणखी दाबली जाते. मधल्या बाकावरून 18 पिक्सेल रुंद दिसणारे अक्षर इथून आठपेक्षाही कमी पिक्सेलमध्ये बसते. उंची मात्र पंधराच्या आसपास राहते. ॲपमधून फोटो ‘सरळ’ केला की फळा पुन्हा आयताकृती दिसतो आणि डोळ्यांना बरे वाटते. पण ते आठ पिक्सेल ताणून अठरा केलेले असतात. नवीन माहिती एका कणानेही वाढलेली नसते. बोटांनी केलेल्या झूमचेही तेच. फोनला खरी टेलिफोटो भिंग असेल तर फायदा होतो. पण उजेड कमी असला की अनेक फोन ती न वापरता मुख्य कॅमेऱ्याचाच मधला तुकडा कापून मोठा करतात, हे माहीत असावे.

मग सगळ्यांनी पुढच्या बाकावर बसावे का? 2 मीटरवरून कॅमेऱ्यात 2.66 मीटरच रुंदी मावते, म्हणजे फळा दोन फोटोंत घ्यावा लागतो. ते चालेल. पण पुढच्या रांगेला दुसरा त्रास आहे. मागच्या छतावरच्या ट्यूबलाइट तिला फळ्यात दिसतात. इथून आपण चकाकीकडे वळतो, आणि माझ्या मते या सगळ्या विषयातला सर्वांत उपयोगी भाग हाच आहे.

व्हाइटबोर्डचा पृष्ठभाग मेलामाइनचा असो, रंगवलेल्या पत्र्याचा असो की इनॅमल चढवलेल्या पोलादाचा, त्यावरची शाई कोरड्या फडक्याने पुसता यावी म्हणून तो मुद्दाम गुळगुळीत केलेला असतो. गुळगुळीत म्हणजे थोडाफार आरसा. कॅरमची सोंगटी कडेवर आपटून ज्या कोनात आली त्याच कोनात परत जाते, तसा खिडकीचा प्रकाश फळ्यावर आपटून पुढे जातो. तो ज्या बाकाकडे जाईल त्या बाकालाच चकाकी दिसते. दुसऱ्या बाकासाठी तीच जागा स्वच्छ असते.

चकाकी फळ्यावर नेमकी कुठे पडणार, हे असे काढता येते: बाकाचे खिडकीच्या भिंतीपासूनचे अंतर घ्या, त्याला खिडकीच्या फळ्यापासूनच्या अंतराने गुणा आणि बाक व खिडकी यांच्या फळ्यापासूनच्या अंतरांच्या बेरजेने भागा. पलीकडचा बाक खिडकीच्या भिंतीपासून 8 मीटरवर आहे. खिडकीच्या जवळच्या कडेसाठी 8 गुणिले 3 भागिले 8, म्हणजे 3 मीटर. दूरच्या कडेसाठी 8 गुणिले 5 भागिले 10, म्हणजे 4 मीटर. डाव्या भिंतीपासून 3 ते 4 मीटर या पट्ट्यात, म्हणजे डाव्या बोर्डाच्या ऐन मध्यात, एक मीटर रुंदीची पांढरी चकाकी.

आता खिडकीकडचा बाक. त्याच रीतीने उत्तर येते 0.38 आणि 0.5 मीटर. फळा तर 2.1 मीटरवर सुरू होतो. चकाकी पडते ती मोकळ्या भिंतीच्या दिशेला, तिथे फळाच नाही. म्हणजे ज्याला खिडकीचा सर्वांत जास्त त्रास होईल असे वाटते, त्याच्या फोटोत खिडकी कुठेच नाही आणि जो तिच्यापासून सर्वांत दूर बसला आहे, त्याचाच फोटो वाया गेला. मधल्या बाकासाठी पट्टा 1.69 ते 2.25 मीटरवर येतो. त्याला फळ्याच्या डाव्या कडेला जेमतेम 15 सेंटिमीटरची चकाकी दिसते. शेवटच्या रांगेतल्या मधल्या बाकाला काहीच दिसत नाही.

पलीकडच्या बाकावरच्या विद्यार्थ्याला चकाकी दिसली की तो काय करतो? शेजाऱ्याकडे झुकतो, किंवा ‘तुझ्याकडून काढ रे’ म्हणून फोन त्याच्या हातात देतो. शेजारी खिडकीच्या बाजूला अर्ध्या मीटरवर आहे. त्याच्यासाठी तोच हिशेब केला तर पट्टा 2.81 ते 3.75 मीटरवर येतो. म्हणजे दोघांचे फोटो एकत्र केले तरी पाऊण मीटर फळा दोघांनाही दिसलेला नाही. एकाच्या फोटोतला हरवलेला भाग दुसऱ्यात पूर्ण सापडायला दोघांमध्ये 2 मीटर अंतर हवे. शेजारच्याचा फोटो म्हणजे बहुधा तोच फोटो पुन्हा. छतावरच्या ट्यूबलाइटची गोष्ट याउलट आहे. तिचे प्रतिबिंब अरुंद असते, त्यामुळे पुढच्या रांगेतल्याने हात उंच करून फोन फूटभर वर नेला तर चमकती रेघ ओळीवरून बाजूला सरकते आणि दोन फोटोंत काम भागते.

फ्लॅशबद्दल एवढेच: समोरून मारला तर तो स्वतःचीच चकाकी बनतो आणि पाच-दहा मीटरवरून तसाही पुरत नाही. ध्रुवण करणारे गॉगल भिंगासमोर धरण्याची युक्ती काही जण सांगतात. ती तिरक्या बाकांवर थोडी चालते, समोरच्या बाकांवर नाही. धरतानाही गॉगल उभा धरावा लागतो, कारण तो रस्त्यावरच्या आडव्या चकाकीसाठी बनवलेला असतो आणि इथे प्रकाश उभ्या फळ्यावरून बाजूला उडतो.

चकाकीखालची शाई फोटोतून परत आणता येते का? थोडी चकाकी असेल तर येते, कारण तिथे शाई आणि फळा यांच्यात थोडा तरी फरक नोंदलेला असतो. पण प्रकाश इतका असेल की त्या जागचा प्रत्येक पिक्सेल कमाल मूल्याला, म्हणजे 255 ला, जाऊन टेकला, तर फरकच नोंदला गेलेला नाही. कुठलाही फिल्टर तो निर्माण करू शकत नाही. हे ओळखण्याची साधी खूण आहे. खरोखर कोऱ्या असलेल्या जागी फळा किंचित करडा दिसतो आणि मोठे करून पाहिले तर डस्टरचे फराटे दिसतात. चकाकीने खाल्लेली जागा सपाट, बिनफराट्याची पांढरी असते आणि तिची एखादी कड बहुधा खिडकीच्या चौकटीसारखी सरळ असते.

फराट्यांची ही खूण ‘व्हाइटबोर्ड’ मोडमधून गेलेल्या फोटोत मात्र टिकत नाही. या मोडमागची कल्पना जुनी आहे. मायक्रोसॉफ्टच्या संशोधन विभागातील झेंगयू झांग आणि ली-वे हे यांनी 2000 नंतरच्या काही वर्षांत यावर काम केले आणि 2014 मध्ये त्याच कंपनीचे ऑफिस लेन्स हे ॲप आले. पद्धत थोडक्यात अशी: फळ्याच्या चार कडा शोधून तो सरळ करायचा, त्याचे छोटे चौकोन पाडायचे, प्रत्येक चौकोनातले सर्वांत उजळ पिक्सेल म्हणजे कोरा फळा असे मानायचे आणि बाकी सगळे त्या मानाने पांढरे करायचे. सावल्या जातात, शाई ठसठशीत होते. पण त्याच ओघात डस्टरचे फराटे जातात, वाळलेल्या हिरव्या मार्करची पुसट ओळही कधीकधी जाते आणि चकाकीचा पट्टा निर्मळ कोऱ्या जागेसारखा दिसू लागतो. वाचणाऱ्याला वाटते, सरांनी तिथे काही लिहिलेच नव्हते. म्हणून मूळ फोटो ठेवावा आणि उजळलेली प्रत वेगळी काढावी.

राहिला प्रश्न संपूर्णतेचा. लिहिणारा शिक्षक फळ्यापासून साधारण 60 सेंटिमीटरवर, खोलीच्या मध्यावर उभा आहे असे धरू आणि त्याची रुंदी अर्धा मीटर. मधल्या बाकावरून फळ्याचा 4.22 ते 4.78 मीटरचा भाग त्याच्यामागे जातो. खिडकीकडच्या बाकावरून हाच आडोसा उजवीकडे सरकून 4.69 ते 5.26 मीटरवर पडतो. दोघांनाही न दिसणारा भाग उरतो फक्त 9 सेंटिमीटरचा, आणि शिक्षक अर्धे पाऊल हलला की तोही मिळतो.

चारही बाक आता ताडून पाहता येतात. मधला बाक वाचनीयतेत सर्वांत चांगला, फक्त डाव्या कडेचे 15 सेंटिमीटर आणि सरांमागचा भाग त्याच्याकडे नाही. नेमके तेच खिडकीकडच्या बाकाला मिळते: डावी कड त्याच्या अगदी समोर आहे, तिथली अक्षरे त्याच्या फोटोत मोठी येतात आणि सरांचा आडोसा दुसरीकडे पडतो. त्याची दुबळी बाजू उजवे टोक. ते मधल्याकडे उत्तम आहे. शेवटची रांग संपूर्ण फळा एका नजरेत देते, कुठली ओळ कुठे होती हे कळायला ती चांगली, पण टिंबांसाठी तिच्यावर विसंबू नये. पलीकडचा बाक तिन्ही कसोट्यांवर मागे पडतो. एकच उत्तम बाक शोधण्यापेक्षा ही मधल्याची आणि खिडकीकडच्याची जोडी ठरवणे शहाणपणाचे आहे.

तुमच्या वर्गात खिडक्या दोन्हीकडे असतील किंवा मागे असतील, तर जोडी बदलेल. ती शोधायला रिकाम्या वर्गातला अर्धा तास पुरतो. फळ्याच्या चार कोपऱ्यांत आणि मध्यावर 2, 3 आणि 4 सेंटिमीटर उंचीची तीच ती अक्षरे आणि आकडे लिहावेत, पण क्रम प्रत्येक ठिकाणी वेगळा. सोबत एक आणि दोन टिंबांची चिन्हे, आणि काळा, निळा, लाल, हिरवा अशा चारही मार्करची एकेक ओळ. मग एकाच फोनने, झूम न करता, बसलेल्या उंचीवरून बाकाबाकावरून फोटो घ्यावेत, आणि तास ज्या वेळी असतो त्याच वेळी. दुपारी चारचे पश्चिमेचे आकाश सकाळच्या आकाशापेक्षा कितीतरी उजळ असू शकते. फोटो वाचायला मात्र फळा लिहिणारा बसवू नये. त्याला काय लिहिले आहे ते आठवत असते आणि तो पुसट टिंबही बिनचूक वाचतो. फळा न पाहिलेल्या माणसाला फोटो द्यावेत, त्याने मोठ्याने वाचावे आणि दुसऱ्याने चुका मोजाव्यात.

इतके करूनही एक घात शेवटी होतो, तो पाठवताना. व्हॉट्सॲपवर साध्या दर्जात पाठवलेल्या फोटोची लांबी 4000 पिक्सेलवरून साधारण 1600 वर येते, म्हणजे अडीच पटींनी कमी. 5 मीटरवरून काढलेला फोटो तपशिलाच्या दृष्टीने साडेबारा मीटरवरून काढल्यासारखा होतो. शेवटच्या रांगेच्याही मागे! त्यावर उपाय दोन. फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर तो जसाच्या तसा जातो. ते जमत नसेल तर आधी आजूबाजूची भिंत, पंखे आणि पुढच्यांची डोकी कापावीत आणि दोन बोर्डांचे दोन वेगळे तुकडे करून पाठवावेत. मधल्या बाकावरच्या फोटोत एका बोर्डाची रुंदी 1440 पिक्सेलच्या आसपास भरते. ती मुळातच 1600 च्या आत असल्यामुळे लांबी कमी होण्याचे कारण राहत नाही आणि एक्सवरची दोन टिंबे दोनच राहण्याची शक्यता वाढते.

काही नव्या वर्गांत प्रोजेक्टरसाठीही चालणारे, कमी चमकीचे बोर्ड बसवतात. त्यांच्यावर खिडकीचा पट्टा धारदार न पडता विखरून पसरतो. पलीकडच्या बाकालाही त्यामुळे सगळे फिकट का होईना पण दिसते, आणि फिकटपणा नंतर दुरुस्त करता येतो. मात्र खरखरीत पृष्ठभागात शाई थोडी अडकून राहते आणि आधीच्या तासाची ओळ नीट पुसली जात नाही. अशा बोर्डाच्या फोटोत सगळ्या बाकांवरून एकच अडचण येते: आजच्या समीकरणामागे कालचे समीकरण पुसटसे दिसत राहते, आणि ते वेगळे काढायला फळा ओल्या फडक्याने पुसून घेण्याखेरीज इलाज नसतो.